सात दिवस आणि गेटवरचं रजिस्टर

«ताई, नोकरी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहातल्या पहिल्या आठवड्यावर मी कथा लिहिली आहे, सोबत पाठवतेय. ३५०० शब्द आहेत, सोमवार ते रविवार असे सात भाग. मी स्वतः तीन वर्षं अशा वसतिगृहात राहते, त्यामुळे सगळं खरं आहे: घरच्यांचा निरोप, वॉर्डन, रूममेट, रात्रीचं रडणं, शेवटी रुळणं. एका मासिकाकडून कथा परत आली. ‘वातावरण चांगलं आहे, पण घडत काहीच नाही’ असं संपादकांनी लिहिलं. पहिल्या आठवड्यात खरंच काही मोठं घडत नाही. मग एखादी चोरी किंवा जोरदार भांडण घालू का?»

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. चोरी घालू नकोस, भांडणही नको. चोरी आली की वाचक चोर शोधायला लागतो. पहिला आठवडा, नवी नोकरी, तीन पलंगांची खोली हे सगळं मागे पडतं आणि तीच कथा कुठल्याही इमारतीत घडू शकते. तुझ्याकडे याहून चांगला ऐवज आहे, तू तो एका ओळीत टाकून पुढे गेली आहेस. त्या ओळीकडे येतेच.

संपादकांची तक्रार खरी आहे, पण तू तिचा अर्थ चुकीचा लावलास. तुझ्या कथेत भरपूर घडतं, फक्त प्रत्येक गोष्ट एकदाच घडते. सोमवारी प्रवेशाचा अर्ज आणि निरोप. मंगळवारी बाथरूमपुढची बादल्यांची रांग. बुधवारी गेट. गुरुवारी दोरीवरून नाहीसा झालेला टॉवेल. शुक्रवारी इस्त्रीवरून वॉर्डनचं बोलणं. एकेक गोष्ट नीट दिसते आणि दिसली की निघून जाते, पुन्हा येत नाही. मुलगी बदलली असं तू रविवारी सांगतेस, पण ती कशात बदलली हे ताडून पाहायला वाचकाच्या हातात काही नसतं. तेच काम तिने मंगळवारी एका तऱ्हेने केलं आणि शुक्रवारी दुसऱ्या तऱ्हेने केलं, तरच ‘घडलं’ असं वाटतं. म्हणून एक गोष्ट निवड आणि तीच चार वेळा आण. बाकीच्या गोष्टी तिच्या आजूबाजूला येतील तेवढ्याच येऊ देत.

कुठली निवडायची? ती रोज करावी लागणारी हवी, करताना दुसरं माणूस समोर हवं आणि तिला एखादा नियम चिकटलेला हवा. तुझी खिडकी यात बसत नाही, कारण खिडकीशी नायिका एकटीच असते आणि नुसती बाहेर बघते. बादल्यांची रांग बसते. आणि सगळ्यात चांगलं बसतं ते बुधवारच्या भागातलं हे वाक्य: ‘गेटवरच्या रजिस्टरमध्ये सही करून ती आत आली.’

या वाक्यावर थांब. त्या रजिस्टरवर तू तीन वर्षं रोज सही केली आहेस, तेव्हा ते डोळ्यांसमोर आण. दोरीने बांधलेलं पेन, ज्याची दोरी डावखुऱ्या मुलीला पुरत नाही. रकाने: नाव, खोली, जाण्याची वेळ, कुठे, परत आल्याची वेळ, सही. सकाळी अर्धी ओळ भरायची, संध्याकाळी तीच ओळ शोधून उरलेली भरायची. दहाला गेट बंद झालं की गेटवरच्या मावशी रकाना वरून खाली बघत जातात, रिकाम्या राहिलेल्या चौकटींना लाल गोल करतात आणि रजिस्टर वॉर्डनच्या खोलीत जातं. त्यानंतर येणारीला उशिराच्या वहीत कारण लिहावं लागतं, आणि अशा नोंदी साठल्या की स्थानिक पालकाला फोन जातो. तुझ्याकडे तपशील थोडे वेगळे असतील, तुझेच घाल. काही ठिकाणी आता बोटाचा ठसा घेणारं यंत्र असतं, पण तुझ्या कथेत रजिस्टर आहे आणि ते असायलाच हवं, कारण यंत्रापुढे दुसरीची हजेरी लावता येत नाही.

आता नायिकेला या रजिस्टरपाशी पहिल्यांदा उभी कर. सोमवारचं सगळं येणं-जाणं काढून टाक आणि कथा मंगळवारी सकाळी, ती कामावर निघताना सुरू कर. साधारण असं:

‘कुठे’ या रकान्यात तिने कंपनीचं पूर्ण नाव लिहिलं, मग मजला लिहिला. जागा संपली तेव्हा अक्षरं शेजारच्या चौकटीत शिरली. वरच्या सगळ्याजणींनी नुसतं ‘ऑफिस’ लिहिलं होतं. मावशींनी रजिस्टर आपल्याकडे फिरवलं, वाचलं, परत फिरवलं.
‘सात वाजेपर्यंत येईन,’ ती म्हणाली.
‘ते आल्यावर लिहायचं.’

नवी आहे, घाबरली आहे, नीटनेटकी आहे, कुणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून आहे याचा तिला धाक वाटतो आणि थोडा आधारही वाटतो. यातलं काहीही तुला वेगळं सांगावं लागलं नाही. निरोपाच्या दृश्यात तू हेच सांगायला जवळजवळ हजार शब्द घेतले आहेस. तो निरोप तुझ्या किती जवळचा आहे हे वाचताना कळतं, तरीही तो काढ. घर या कथेत फोनवरून येऊ दे आणि फोनवर आपल्याला फक्त हिचं बोलणं ऐकू येऊ दे: ‘हो, तिघीच आहोत. हो, चांगल्या आहेत. जेवले.’ तिन्ही उत्तरांतलं एखादं खोटं असू दे. कुठलं, ते वाचकाला आधीच्या प्रसंगावरून कळलेलं असलं म्हणजे झालं.

बुधवारी सकाळी ती ‘ऑफिस’ लिहिते. याला एकच ओळ दे, जास्त नको.

गुरुवारी खरी गोष्ट सुरू होते. खोलीतली खिडकीजवळच्या पलंगावरची मुलगी आरशात बघून केस विंचरता विंचरता म्हणते, ‘आज माझी पण सही टाकशील? साडेनऊच्या सुमाराला टाक, तेव्हा गर्दी असते.’ मेसच्या बायका रात्री कामं आवरून मागच्या दाराने निघतात, ते दार साडेदहापर्यंत उघडं असतं, तिथून ती आत येणार. तिला हे नवीन नाही. मागणं इतक्या सहज आवाजात येऊ दे की ‘नाही’ म्हणायचं तर आपणच गोष्ट मोठी करतोय असं नायिकेला वाटावं. ती कुठे जाणार आहे हे सांगू नकोस. नायिकेने विचारायचंही नाही, कारण विचारण्याइतकी ओळख अजून झालेली नाही.

ही विनंती मी का सुचवते आहे ते सांगते. पहिल्या आठवड्याची कथा आहे की नाही हे ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. तोच प्रसंग उचलून सहाव्या महिन्यात ठेवून बघ. तिथेही तो तसाच चालत असेल, तर तो पहिल्या आठवड्याचा नाही. टॉवेल कधीही हरवतो, इस्त्रीवरून बोलणी कधीही बसतात. पण ‘माझी सही टाकशील?’ हे सहा महिन्यांनी विचारलं तर उत्तर सोपं आहे. तोवर मैत्री तरी झालेली असते किंवा वैर तरी, आणि नियम कुठे वाकतो हेही कळलेलं असतं. चौथ्या दिवशी मात्र तिला मैत्रीण नाही, नियमाची ताकद माहीत नाही आणि विनंती करणारी खोलीतली सगळ्यात जुनी आहे. खिडकीजवळचा पलंग जुनीचा, दारालगतचा नवीचा, हे तू सोमवारच्या भागात छान टिपलं आहेस. ते इथे कामाला येईल. तोपर्यंत नायिकेला दोघींची नावं नीट लक्षात राहिलेली नसावीत. तिने त्यांना मनातल्या मनात पलंगावरूनच ओळखावं.

मग गुरुवारची संध्याकाळ. या प्रसंगाला कथेतली सगळ्यात जास्त जागा दे, ७०० शब्द गेले तरी चालतील. घाई करू नकोस, कारण इथे हाताला बरंच काम आहे. तिने आधी स्वतःची ओळ पूर्ण करायची. मग दुसरीची सकाळची ओळ शोधायची, ती खोलीच्या क्रमांकावरून सापडते, आणि तिथे तिला त्या मुलीचं आडनाव पहिल्यांदा कळतं. वेळ लिहायची. आता सही. पण ती दुसरी मुलगी सही करते कशी? आजच्या ओळीत ती अजून नाही, कारण सही परतल्यावर करायची असते. म्हणजे मागचं पान उलटायला हवं, आणि मावशी समोर बसल्या आहेत.

हे पान उलटणं हा तुझ्या कथेतला सगळ्यात मोठा प्रसंग आहे. मागे तीन मुली उभ्या आहेत, एकीचा फोन चालू आहे, पेनाची दोरी ताणली गेली आहे. मागच्या पानावर ती सही दिसते. शेवटच्या अक्षराखाली एक रेघ, उजवीकडून डावीकडे ओढलेली, टोकाशी जाड. ती तशी ओढायला जाते आणि रेघ फारच व्यवस्थित येते. मावशी बघतात की नाही हे स्पष्ट करू नकोस. त्यांनी एवढंच म्हणावं, ‘पेन सोड, मागे गर्दी आहे.’

तिने सही करावी की नकार द्यावा, हे मी दोन्हीकडून मांडून बघितलं. नकार दिला तर नायिका बरोबर ठरते आणि गोष्ट तिथेच संपते. उरलेल्या दोन-तीन दिवसांत फक्त अबोला उरतो, आणि तो काही केल्या पुढे सरकत नाही. सही केली तर तिला एका बाजूला काहीतरी मिळतं आणि दुसऱ्या बाजूचं काहीतरी जातं, आणि हे दोन्ही दाखवायला पुढचे दिवस हातात आहेत. म्हणून तिने सही करावी. आणि ती पकडली जाऊ नये. पकडली गेली की वॉर्डनच्या खोलीत भाषण होतं, शिक्षा होते, वाचक शिक्षा योग्य की अयोग्य एवढंच ठरवत बसतो.

जातं ते मावशींकडचं. शुक्रवारी संध्याकाळी ती येते तेव्हा मावशी रजिस्टर तिच्याकडे सरकवत नाहीत, स्वतःपुढेच ठेवतात, आणि ती लिहीपर्यंत तिच्या हाताकडे बघत राहतात. एवढंच. मंगळवारी हेच लक्ष तिला आधाराचं वाटलं होतं. वाचकाला ते आठवेल, तू आठवण करून देऊ नकोस.

मिळतं ते बादल्यांच्या रांगेत, आणि यासाठी तुझा मंगळवारचा भाग मला हवाच आहे. तिथे तू एक अचूक गोष्ट लिहिली आहेस: रांगेत माणसं नसतात, बादल्या असतात. जुन्या मुली पहाटे बादली ठेवून परत झोपतात आणि मैत्रिणीचीही ठेवतात. नायिका स्वतः जाऊन उभी राहते, तिचा नंबर नववा येतो आणि सात वाजता पाणी जातं. हा प्रसंग ठेव, पण त्यातलं एक वाक्य बदलायला हवं. तू लिहिलंस, ‘सकाळचं पाणी सातलाच जायचं, त्यामुळे मुली साडेपाचलाच बादल्या ठेवायच्या.’ दुसऱ्या दिवशी तिला हे कुठून ठाऊक? ‘जायचं’, ‘ठेवायच्या’ ही तीन वर्षं राहिलेल्या मुलीची वाक्यं आहेत, ती तुझी आहेत. नायिकेसाठी सगळं अजून एकेकदाच झालेलं आहे. तिच्या बाजूने लिहिलं तर असं होईल: ‘नळ फुसफुसला आणि थांबला. डोक्याला शाम्पू तसाच होता. बाहेरून कुणीतरी म्हणालं, सात वाजले.’ नियम तिला अंगावर घेऊन कळतो, आपल्यालाही तसाच कळतो.

तुझ्या कथेत अशी ‘करायची, जायची, असायचं’ची वाक्यं पहिल्या तीन दिवसांतच खूप आहेत, मी त्यांच्याखाली पेन्सिलने रेघा ओढल्या आहेत. ती सगळी ‘केलं, गेली, होतं’वर आण. वाचकाला कथेत रोजचा क्रम जाणवायला लागतो तो याच क्रियापदांमुळे, म्हणून पहिलं ‘करायची’ शनिवारपर्यंत राखून ठेव आणि ते कुठल्या तरी अगदी बारीक गोष्टीला दे. उदाहरणार्थ, ‘मधल्या पलंगावरची दिवा मालवण्याआधी चष्मा उशीखाली ठेवायची.’ ही मुलगी इथे राहायला लागली, हे त्या एका क्रियापदातून कळतं. मग ‘ती रुळली’ हे वाक्य तुला कुठेच लिहावं लागणार नाही.

रात्रीच्या रडण्याबद्दल थोडंसं. तू तिला उशीत तोंड खुपसून रडवलं आहेस. तीन पलंगांच्या खोलीत, हाताच्या अंतरावर दुसरी झोपलेली असताना रडता येत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. रडायला मुली बाथरूममध्ये जातात आणि नळ सोडतात. रात्री पाणी नसेल तर नळाचा आवाज नाही, म्हणजे रडणंही नाही. तिला रिकाम्या नळाशी उभी कर आणि तशीच परत आण. रडू आलं आणि रडता आलं नाही, हे जास्त खरं आहे, आणि बादल्यांच्या प्रसंगाशी ते आपोआप जोडलं जातं.

वॉर्डनला तू जरा जास्तच कडक केलं आहेस. त्या बाईंना रात्री पालकांचे फोन येतात: मुलगी फोन उचलत नाही, आत आहे ना बघा. रजिस्टर त्यांच्यासाठी त्या फोनचं उत्तर असतं. गुरुवारी रात्री असाच एक फोन येऊ दे, खिडकीजवळच्या मुलीच्या घरून. वॉर्डन रजिस्टर उघडते आणि म्हणते, ‘आहे, साडेनऊलाच आली आहे.’ नायिका पाण्याची बाटली भरायला खाली आलेली असताना हे ऐकते. घड्याळात सव्वादहा झालेले आहेत. ती मुलगी अजून आलेली नाही. नायिकेने केलेली सही आता कुणाला तरी दिलेला शब्द होते, आणि वॉर्डनला तो ठाऊकही नाही. या पाव तासात तुला जोरदार भांडणाची गरज वाटणार नाही. नायिका खोलीत जाऊन पलंगावर बसते आणि मागच्या दाराच्या आवाजाकडे कान लावते. मुलगी वेळेत, सुखरूप येऊ दे. येताना तिने हळूच ‘थँक्स’ म्हणावं आणि झोपावं. तिला कसलीच काळजी वाटलेली नाही, आणि नायिकेला ती का वाटली हे त्या खोलीत कुणालाही सांगता येण्यासारखं नाही.

शेवट रविवारी नको. रविवारी पाण्याची घाई नसते, रांग सैल असते, तिथे काही दाखवता येणार नाही. शनिवारी, ऑफिस असेल अशा शनिवारी थांब. ती साडेसहाला टॉवेल घेऊन बाहेर येते आणि तिची बादली रांगेत दुसरी असते, कुणीतरी पहाटेच ठेवलेली. सहा दिवसांतली तिची ही पहिली हक्काची जागा, आणि ती कशाच्या बदल्यात मिळाली हे तिला माहीत आहे. त्यावर तिला काय वाटलं ते लिहू नकोस. खिडकीजवळची म्हणते, ‘आज पण टाकशील ना?’ या प्रश्नाला नायिकेचं उत्तर कथेत असावं की नसावं, हे तुला लिहिताना ठरवावं लागेल. माझा कल उत्तर असावं याकडे आहे, आणि ते स्पष्ट ‘हो’ किंवा स्पष्ट ‘नाही’ असावं. अधांतरी सोडलेला शेवट इथे पळवाट वाटेल, कारण सही टाकायची की नाही हे रजिस्टरपुढे उभं राहिल्यावर अधांतरी राहूच शकत नाही. ‘हो’ असेल तर शुक्रवारी मावशींची नजर जरा कमी बोचरी ठेव, म्हणजे तिच्या निर्लज्ज होण्यापेक्षा एकटं पडण्याची भीती पुढे येईल. ‘नाही’ असेल तर गुरुवारचा तो पाव तास लांबव.

‘मंगळवार’, ‘बुधवार’ अशी शीर्षकं काढून टाक. शीर्षक दिलं की प्रत्येक दिवसाला काहीतरी द्यावं लागतं, आणि तू प्रामाणिकपणे सातही दिवसांना दिलं आहेस. त्यामुळेच कथेला दिनक्रमाची कळा आली. वार कळायला रजिस्टरच्या पानावर वर लिहिलेली तारीख पुरते. निरोप, टॉवेल, इस्त्री आणि रविवार गेले की तुझे जवळपास १६०० शब्द कमी होतील, गुरुवारच्या रात्रीला त्यातले बरेचसे लागतील. कथा २५०० ते २८०० शब्दांच्या आसपास येईल.

लिहायला बसशील तेव्हा मंगळवारपासून सुरुवात करू नकोस. आधी मागचं पान उलटण्याचा प्रसंग लिही, एका बैठकीत, शक्य असेल तर रजिस्टरचं एखादं कोरं पान आखून समोर ठेवून. तू स्वतः दुसरीची सही करून बघ आणि हात कुठे अडखळतो ते बघ. तो प्रसंग उभा राहिला की त्याच्या आधी वाचकाला काय माहीत असायला हवं तेवढंच मंगळवार-बुधवारात घाल. मग कथा त्याच संपादकांना परत पाठव. त्यांनी एका ओळीत का होईना, कारण लिहून कळवलं, म्हणजे त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आहे.